अंगाई इंग्रजीत आणतेय, पण 'शट' आणि 'पाँड'वर बाळ जागं होतंय

सायली_त

नमस्कार मंडळी. एका चित्रपुस्तकासाठी आमच्या घरातली अंगाई इंग्रजीत करायची आहे. ती कुठे छापलेली नाही. आजी म्हणायची, आता आई म्हणते, शब्द थोडे इकडेतिकडे होत आलेत. सध्या अशी आहे:

हल रे पाळण्या, हळूहळू हल
वाऱ्याला लागली निजेची चाहूल
निळ्या निळ्या तळ्यात मिटली कमळं
मिटव रे सोनुल्या, डोळे हे निर्मळ
जो जो रे, जो जो

गाई आल्या गोठ्यात, घुंगुर त्यांच्या गळ्यात
निजेचं लोणी दाटलं सोनुल्याच्या डोळ्यांत
जो जो रे, जो जो

पुस्तक फक्त इंग्रजीत आहे, मूळ अंगाई शेवटच्या पानावर देवनागरीत येईल. माझा पहिला खर्डा अर्थाला धरून आहे. इथे देवनागरीतच लिहिते, म्हणजे सगळ्यांच्या कानाला लागेल:

स्विंग, ओ क्रेडल, स्विंग स्लोली,
द विंड हॅज गॉट अ हिंट ऑफ स्लीप.
इन द ब्लू, ब्लू पाँड द लोटसेस हॅव शट,
शट युअर प्युअर आइज, माय गोल्डन वन.

अर्थ शब्दाला शब्द आला आहे, पण मोठ्याने म्हटलं की दार आपटल्यासारखं वाटतं. दुसरं कडवं तर अजून वाईट. 'निजेचं लोणी' मी 'बटर ऑफ स्लीप' केलं आणि आमच्या चित्रकाराने कच्च्या रेखाटनात बाळाच्या पापण्यांवर खरोखर लोण्याचा गोळा काढून पाठवला. त्याचा दोष नाही, मी लिहिलं तेच त्याने काढलं.

संपादक म्हणतात की अर्थ सुटला तरी चालेल, नाद मऊ हवा. पण मऊ म्हणजे नेमकं काय धरायचं? आणि किती सोडलं तर चालतं?

बोरूबहाद्दर

सोपं आहे सायलीताई. मूळ अंगाईत ल, ळ, न, म किती आहेत मोजा. इंग्रजीत तेवढेच एल, एम, एन आणा आणि ट, ड, क, प काढून टाका. 'द'सुद्धा काढा, तो पण कडकच आहे. नमुना देतो:

लल, माय लिटल लिली, लल,
लो अँड मेलो, लल अँड लल.

कोकणकडा_काकू

बोरू, हे दिवसभर दमलेल्या आईने रात्री दहाला म्हणून दाखवावं. तिसऱ्या 'लल'ला जीभ अडकते. माझी तर पहिल्यालाच.

मृदंगी

सायली, प्रश्न चांगला मांडलात. भाषांतर आणि आवाजाचं प्रशिक्षण या दोन्ही बाजूंनी मी याच्याशी बरीच वर्षं झटापट करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोरूंचं अर्धं बरोबर आहे. ल, म, न, र हे आवाज श्वास न अडवता लांबवता येतात, म्हणून ते मऊ लागतात. पण अंगाईत कोणते वर्ण किती आहेत यापेक्षा ओळ कुठे संपते हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या मुळातल्या ओळींचे शेवट बघा: हल, चाहूल, कमळं, निर्मळ, जो. सगळे ल, ळ नाहीतर उघडा स्वर. तोंड मिटून श्वास तुटतो असा एकही नाही. गोठ्यात, गळ्यात, डोळ्यांत इथे 'त' येतो, पण त्याच्या आधीचा 'आ' गाताना इतका ओढला जातो की 'त' ऐकूसुद्धा येत नाही.

इंग्रजीची अडचण अशी की तिच्यातले झोपेचे नेहमीचे शब्दच असे तुटतात. स्लीप, नाइट, बेड, रेस्ट, क्वायट, शट. एकूण एक प, ट नाहीतर ड वर आपटतात. आपल्याकडे 'झोप'सुद्धा तशीच आहे, म्हणूनच बहुधा अंगाईत ती कमी आणि 'नीज' जास्त.

यावर उपाय म्हणजे हे शब्द हद्दपार करणं नव्हे. त्यांना ओळीच्या शेवटी उभं करू नका, एवढंच. 'स्लीप' ओळीच्या मध्ये आला आणि पुढे लगेच ल किंवा स्वर आला, तर प पुढच्या आवाजात विरघळतो. 'स्लीप लाइक' म्हणून बघा, प फक्त ओठांना लागून जातो. ओळीचे शेवट मात्र लो, स्लो, ब्लू, होम, मून अशा लांबणाऱ्या शब्दांना द्या.

दुसरं, बोरूंनी 'द' काढायला सांगितलं. आपण मराठीत तो दातावर आपटून म्हणतो, पण इंग्रजी बोलणारे तो जीभ दातांशी हलकी ठेवून नुसता घासतात. त्यांच्या तोंडी तो मऊच आहे. 'द' खटकतो तो वेगळ्या कारणाने, त्याबद्दल पुढे लिहीन.

सायली_त

मृदंगी, शेवटांचं लक्षातच आलं नव्हतं. माझ्या खर्ड्यात स्लीप आणि शट दोन्ही ओळीच्या टोकाला आहेत. पुढचं वाचायला थांबते.

शंकर_निवृत्त

नमस्कार. विषय वाचून आनंद झाला. आमच्या नातीचं पुढच्या महिन्यात बारसं आहे, निमंत्रणपत्रिका इंग्रजीत छापतोय. पाळण्याच्या चार ओळी त्यात टाकायच्या आहेत. पहिल्या दिवशी असं झालं, दुसऱ्या दिवशी तसं झालं, असा तो पाळणा आहे. ताईंनी तोही करून दिला तर उपकार होतील.

कोकणकडा_काकू

शंकरकाका, अभिनंदन! पण तुमचा पाळणा आणि सायलीची अंगाई या दोन वेगळ्या चिजा आहेत. बारशाच्या पाळण्यात गोष्ट असते, दिवसामागून दिवस येतात, बायका जमून मोठ्याने म्हणतात. तिथे बाळ झोपलं नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्याला अर्थच हवा, पत्रिकेवर सरळ भाषांतर छान दिसेल.

मृदंगी

काकूंनी सांगितलं ते अगदी खरं. काका, तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे मदत करीन.

आता 'द'बद्दल. अंगाईचा ठेका पाळण्याच्या दोरीला बांधलेला असतो. दोरी ओढली की 'हल', मग पाळणा परत येईपर्यंत 'रे पाळण्या'. प्रत्येक ओळ जोराच्या ठोक्यावर सुरू होते: हल, वाऱ्याला, निळ्या, मिटव, गाई. इंग्रजी वाक्य मात्र सवयीने 'द', 'इन द', 'अँड द' असल्या हलक्या अक्षरांनी सुरू होतं. 'द विंड हॅज' म्हणताना दोरी ओढायच्या आधीच 'द' निसटतो आणि ठोका 'विंड'वर पडतो. ओळीमागून ओळ असंच झालं की झुलण्याऐवजी पायऱ्या चढल्यासारखं वाटतं.

म्हणून इंग्रजी ओळीची सुरुवात जोराच्या अक्षराने करा. त्यासाठी सुरुवातीचे 'द' उडवावे लागतील. कवितेत ते चालतं.

अजून एक फरक. आपल्या ओवीत अक्षरं कमीजास्त झाली तरी गाताना स्वर ओढून जागा भरतो. इंग्रजीत जोर नसलेलं अक्षर ओढता येत नाही, ते चिरडलं जातं. त्यामुळे अक्षरांची संख्या तंतोतंत जुळवण्यात अर्थ नाही. ओळीत चार ठोके पक्के ठेवा, मधल्या जागा हलक्या अक्षरांनी भरा आणि शेवटच्या ठोक्यानंतर काहीच ठेवू नका. त्या रिकाम्या जागेत पाळणा परत येतो.

पानपलट

मी चित्रपुस्तकांची मांडणी करतो, त्या बाजूने दोन शब्द. तुमचं पुस्तक बहुतेक ३२ पानांचं असेल, कारण छपाईचे फॉर्म १६ पानांचे धरतात. त्यातून शीर्षकपान, प्रकाशनाची माहिती, शेवटची मूळ अंगाई वजा केली की समोरासमोरच्या बारा-चौदा जोड्या उरतात. तुमच्या ओळी आठ. म्हणजे एका जोडीवर एक ओळ आणि 'जो जो'ला स्वतःची पानं. शब्द इतके थोडे की उरलेला सगळा अर्थ चित्रात जाणार आहे.

माझं म्हणणं असं की चित्रात जे दिसतं ते शब्दांत पुन्हा सांगू नका. घुंगुर चित्रात गाईच्या गळ्यात आहेतच, मग 'गळ्यात' शब्दाची गरज काय? शब्दांनी फक्त घुंगुर ऐकवायचे. लेखकांना वाटतं अर्थ गळाला, प्रत्यक्षात तो समोरच्या पानावर बसलेला असतो.

आणि पान उलटायची जागा बघा. यमकाची पहिली ओळ एका जोडीवर आणि दुसरी उलटल्यावर आली तर मूल वाट बघतं. पण एकच वाक्य मध्ये तोडून पान उलटायला लावू नका. त्यात वाचणाऱ्याचा सूर तुटतो.

ठाम_मत

सगळं वाचलं. नाद राखायचा म्हणून अर्थ फेकायचा, चित्राने सांभाळून घ्यायचं. मग याला भाषांतर का म्हणायचं? सरळ नवीन इंग्रजी अंगाई लिहा ना. आजीचं नाव कशाला?

मृदंगी

ठाम_मत, मुद्दा रास्त आहे, पण अंगाईचं काम काय, हे आधी ठरवायला हवं. अंगाईतल्या गाई, कमळं, वारा यांची माहिती बाळाला द्यायची नसते. सहा महिन्यांच्या बाळाला 'निर्मळ' कळत नाही, त्यातला लांबणारा 'ळ' कळतो. मूळ रचनेनेही शब्द अर्थासाठी कमी आणि आवाजासाठी जास्त निवडलेत. चाहूल, कमळं, निर्मळ हे लागोपाठच्या ओळींच्या शेवटी आलेले शब्द योगायोग नाहीत. इंग्रजीत अर्थ ठेवून आवाज घालवला, तर तेही अर्धंच भाषांतर झालं.

ठाम_मत

पटलं नाही, पण पुढे चालू द्या. पुस्तकावर 'भाषांतर' छापू नका एवढीच विनंती.

सायली_त

मृदंगींचं आणि पानपलटांचं वाचून काल रात्री पुन्हा बसले. ओळी ठोक्यावर सुरू केल्या, शेवट उघडे ठेवले:

स्वे, माय क्रेडल, स्वे अँड स्लो,
विंड्ज आर यॉनिंग, विंड्ज लाय लो.
लिलीज फोल्ड इन वॉटर ब्लू,
फोल्ड, माय हनी, यू फोल्ड टू.

'चाहूल' आणता येईना. वाऱ्याला निजेची चाहूल लागते म्हणजे तो स्वतःच पेंगायला लागतो, म्हणून जांभई देणारा वारा आणला. 'डोळे' हा शब्दच गेला, पण चित्रात बाळाच्या पापण्या मिटताना दिसतील. 'सोनुल्या'चं सोनं गेलं. 'गोल्डन' आणून बघितलं, पण त्यातले ग आणि ड मध्येच ठेचकाळतात. 'हनी' इंग्रजीत घरोघरी लाडाने म्हणतात आणि त्याचा रंगही सोनेरीच, म्हणून तोच ठेवला.

बोरूबहाद्दर

वा! पण शेवटी 'टू' आलाय बघा. ट!

मृदंगी

हो, बोरू, इथे तुमचं बरोबर आहे. इंग्रजी बोलणारे जोराच्या अक्षराच्या सुरुवातीला प, ट, क म्हणताना हवेचा झोत सोडतात. 'पूल' त्यांच्या तोंडी जवळजवळ 'फूल' ऐकू येतो. 'टू'लाही तसाच फुगा फुटतो. गंमत म्हणजे त्याच ट-आधी स आला की झोत जातो. म्हणून 'टिल'पेक्षा 'स्टिल' मऊ. 'स्वे अँड स्लो' इतकं अलगद येतं, त्यातही स सोबतच्या व आणि ल चा हात आहे.

पण इथे अजून एक गोष्ट. हे पुस्तक मोठ्याने वाचणार कोण?

सायली_त

प्रकाशक म्हणतात दोन्हीकडचे. इथले इंग्रजी माध्यमवाले आईबाप आणि परदेशातली मराठी घरं.

मृदंगी

मग दोन तोंडं धरून चाला. आपल्या मराठी तोंडातून 'पूल'मध्ये हवा फुटत नाही, 'पूल' पूलच राहतो. पण 'टू'मधला ट आपण टाळूला जीभ वळवून मारतो, तो त्यांच्यापेक्षा कडक होतो. शिवाय 'यॉनिंग', 'फोल्डिंग'च्या शेवटी इंग्रजी बोलणारे ग म्हणतच नाहीत, नाकातल्या नाकात सोडून देतात. आपण 'यॉनिंग्ग' असा ठसका देतो. दोन्ही तोंडांत मऊ राहतील असे शब्द थोडे आहेत: लो, स्लो, ब्लू, होम, माय, हनी. जिथे जमेल तिथे हे घ्यायचे. सगळीकडे जमणार नाही.

आणि एक चाचणी करा. ओळी नेहमीच्या आवाजात वाचू नका, कुजबुजत वाचा, मोबाइल तोंडाजवळ धरून रेकॉर्ड करा. झोपवताना माणूस शेवटी शेवटी कुजबुजतोच. कुजबुजताना गळ्यातला आवाज बंद होतो, म्हणजे ल, म, न विरळ होतात आणि स, श, ट, प उठून दिसतात. मोठ्या आवाजात मखमली वाटलेली ओळ कुजबुजताना सापासारखी फूत्कारते. पहिल्या खर्ड्यातला 'लोटसेस' असा रेकॉर्ड करून बघा.

सायली_त

केलं. 'लोटसेस' खरोखर भयंकर ऐकू येतो. 'शट' तर कुजबुजताना जास्तच मोठा. 'स्लो' आणि 'लो' छान विरतात. 'टू' खटकतो, पण बदलायचा तर यमक मोडतं. 'ब्लू'शी जुळणारं 'यू' आहे, पण 'फोल्ड, माय हनी, सो विल यू' म्हटलं की आज्ञा राहत नाही, भविष्यवाणी होते.

कोकणकडा_काकू

भविष्यवाणीच बरी की. बाळाला 'मिट' म्हणून कधी कुणी मिटलेत का डोळे?

रानवाटा

एक वेगळीच शंका. लिली का? मूळ अंगाईत कमळं संध्याकाळी मिटताहेत. कमळ दिवसा उमलतं, रात्री मिटतं, हे बरोबर. पण पाण्यातल्या लिलीच्या काही जाती रात्रीच फुलतात. आपल्या जुन्या काव्यात ते कुमुद, चंद्र उगवला की उमलणारं. इंग्रजी वाचून चित्रकाराने नेमकी ती काढली तर चंद्राखाली फुललेल्या फुलाखाली 'फोल्ड' छापलेलं असेल.

सायली_त

हे तर मला माहीतच नव्हतं. 'लिलीज' घेतलं ते 'लोटसेस'च्या स-स पासून सुटायला.

मृदंगी

अनेकवचन सोडा. 'लोटस' एकच ठेवा, एका पानावर एक कमळ चित्रालाही बरं. आणि 'लो' मोठ्याने म्हणा: स्लो, लो, लोटस, फोल्ड. सगळ्यांत तोच लांब ओ.

आता 'जो जो' बघा. तुम्ही ते तसंच ठेवणार असालच. इंग्रजी वाचकाला ज चं काही घेणंदेणं नाही, पण ओ त्याच्या कानात आधीच चार ओळी घुमलेला असेल. मग 'जो जो' आलं की ते परकं वाटणार नाही, त्याच ओ चं शेवटचं टोक वाटेल. अंगाईचा पालुपदातला स्वर सगळ्या कडव्यात पेरता आला तर पालुपद आपोआप भाषांतरित होतं. मी तर म्हणेन अख्ख्या इंग्रजी अंगाईचा आधारस्वर ओ धरा.

सायली_त

अंगावर काटा आला! मग असं:

लोटस फोल्डिंग, ब्लू ऑन ब्लू,
फोल्ड, माय हनी, यू फोल्ड टू.

'ब्लू ऑन ब्लू'मध्ये निळ्या-निळ्याची जोडीही परत आली. 'टू' तूर्त ठेवते.

दुसऱ्या कडव्यात लोण्याने घोळ घातलाय. 'बटर'चा ट नको, अर्थही भलताच लागतो.

पानपलट

इथे चित्रकाराला दोष देत नाही म्हणालात ते आवडलं. इंग्रजीत 'बटर ऑफ स्लीप' वाचल्यावर कुणीही लोणीच काढेल. मराठी कानाला 'दाटलं'मुळे कळतं की गोष्ट घट्ट होत जाण्याची आहे.

मृदंगी

दाटणं हा धागा पकडा. पदार्थ बदलला तरी चालेल. 'क्रीम' बघा: शेवट म वर, ओठ मिटून गुणगुणता येतो. क आहे, पण ओळीच्या मध्ये खपून जाईल.

कोकणकडा_काकू

लोणी आणि क्रीम एक नव्हे बरं का. लोणी घुसळून काढावं लागतं, मेहनतीने. क्रीम म्हणजे साय, ती आपली आपण वर येते. पण झोप सायीसारखीच येते म्हणा, घुसळून काढली तर पळून जाते. आजीला चाललं असतं.

सायली_त

काकू, तुमची साय घेतली:

काउज आर लोइंग, कमिंग होम,
बेल्स गो रोलिंग, स्लो दे रोम,
स्लीप लाइक क्रीम इज राइजिंग स्लो
ओव्हर हनीज आइज, जो जो.

'लोइंग' म्हणजे गाईंचं हंबरणं. 'मू' पेक्षा बरं वाटलं. घुंगुराचा तो नाकातला आवाज लोइंग, कमिंग, रोलिंग यांत येतो असं माझ्या कानाला वाटतंय. शेवटची ओळ 'जो जो'वरच संपते, त्यामुळे यमकही तिथेच जुळतं.

ठाम_मत

मान्य करतो, शेवटची ओळ छान झाली. पण 'लोइंग' आजकाल कोणतं मूल ओळखतं? इंग्रजी मोठ्या माणसांनाही अडेल. मऊ आहे म्हणून जुनापुराणा शब्द आणायचा का?

मृदंगी

चित्रात गाय तोंड वर करून हंबरताना दिसली तर शब्द अडणार नाही. चित्रपुस्तकात एक अनोळखी शब्द परवडतो, मूल तो आवाजावरून उचलतं. पण 'लोइंग'मधला 'लो' कुणी 'खाली' या अर्थाने वाचला तर गाई वाकून चालताहेत असं वाटेल, हा धोका मानते. मी असते तर ठेवला असता.

बोरूबहाद्दर

मी काढला असता. 'काउज कम स्लोली, स्लोली होम'. मूळच्या हळूहळूची जोडी इथे येते बघा.

मृदंगी

बोरू, हे चांगलं आहे! खरंच. सायली, दोन्ही रेकॉर्ड करून बघा. बोरूंच्या ओळीत हंबरणं जाईल, पण ते मुळातही नव्हतं.

सायली_त

हो की, मूळ ओळीत गाई गप्पच आहेत. बोरू, तुमची ओळ रेकॉर्ड केली, कुजबुजतही ती टिकते. पण खाली 'बेल्स गो रोलिंग, स्लो दे रोम' आहे, तिथे 'स्लो' पुन्हा येतो आणि त्याखाली 'राइजिंग स्लो' तिसऱ्यांदा. संपादकांना दोन्ही पाठवते.

आता 'जो जो'चं स्पेलिंग. जे-ओ दोनदा जोडून लिहिलं तर इंग्रजी वाचक ते एखाद्या मुलाचं नाव समजतो. आमच्या संपादकांनीच विचारलं की हा जोजो कोण.

पानपलट

तोडून लिहा, मध्ये मोकळी जागा द्या आणि अक्षरं पाळण्याच्या झोक्यासारखी वरखाली मांडा. एक 'जो' पानाच्या डावीकडे, दुसरा उजवीकडे, थोडा खाली. मग ते नाव वाटत नाही, हालचाल वाटते. पहिलं अक्षर मोठ्या लिपीत नको, छोट्याच अक्षराने सुरू करा. नावाचा संशय तिथेच निम्मा जातो.

सायली_त

आणि 'रे'? आर-ई लिहिलं तर 'री' वाचतील.

मृदंगी

आर-ए-वाय लिहिलं तर उच्चार जवळचा येतो, पण इंग्रजीत त्याचा अर्थ किरण. चांदण्याच्या चित्रावर तो किरण खपेल का, की गोंधळ होईल? मला ठरवता येत नाही. सगळ्यात सुरक्षित म्हणजे 'रे' सोडून देणं आणि 'जो जो, जो जो' असं दोनदा घेणं. ठोका तोच राहतो. पण 'रे'ची जवळीक जाते, आणि त्यासाठी मनाने तयार नाही मी.

कोकणकडा_काकू

शेवटच्या पानावर देवनागरी आहे ना? मग चाल कशी म्हणायची ते तिथे द्या. 'रे' वाचून नाही येत, ऐकूनच येतो.

शंकर_निवृत्त

काकूंच्या सल्ल्याप्रमाणे पत्रिकेवर सरळ अर्थ छापला. एक विचारतो, सायलीताई. आमच्याकडे नातीला एका जुन्या सिनेमातली अंगाई म्हणतात. तीही अशी इंग्रजीत करून पुस्तकात टाकता येईल का?

पानपलट

काका, घरी म्हणायला हरकत नाही, पुस्तकात मात्र नाही. कवी हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं आपल्याकडे त्याचा हक्क राहतो, आणि भाषांतर करायचा हक्कही त्यातच येतो. परवानगीशिवाय छापता येत नाही. सायलीताईंची अंगाई घरातली आहे, त्यांनी फक्त एकदा खात्री करावी की ती आजीने कुठल्या छापील पुस्तकातून उचललेली नव्हती.

सायली_त

आईला आणि मावशीला विचारलंय. मावशीच्या तोंडी 'निर्मळ'च्या जागी 'कोमळ' आहे आणि गाईंऐवजी वासरं. छापलेलं कुठेच आठवत नाही म्हणतात. पुस्तकावर 'भाषांतर' न लिहिता 'आजीच्या अंगाईवरून' असं छापायचं ठरलंय, ठाम_मत.

ठाम_मत

धन्यवाद. एवढंच हवं होतं.

रानवाटा

धागा मिटायच्या आधी अजून एक. 'लोटस फोल्डिंग, ब्लू ऑन ब्लू' वाचून मला कमळच निळं वाटलं. मुळात निळं तळं आहे, फूल नव्हे. आणि ज्याला आपण निळं कमळ म्हणतो ते वनस्पतिशास्त्राने बघितलं तर कमळ नाहीच, ते लिलीच्याच घराण्यातलं. ते दिवसा उमलून संध्याकाळी मिटतं, त्यामुळे ओळीला धक्का नाही. पण पानं वेगळी. गुलाबी कमळाची पानं अखंड गोल असतात आणि देठावर पाण्याच्या वर उचललेली, तर निळ्याची पाण्यावर पसरलेली, एका बाजूला चीर असलेली. चित्रकाराला कोणतं सांगणार?

सायली_त

अरे देवा. त्याने गुलाबी फुलाखाली चिरेची पानं काढून कालच पाठवलीत. आता एकतर फूल निळं करायला सांगते, नाहीतर पानं उचलायला. निळं केलं तर 'ब्लू ऑन ब्लू' खरं होतं, पण रात्रीच्या निळ्या पाण्यावर निळं फूल दिसणार कसं? पानपलट, छपाईत काय होतं अशा वेळी?

पानपलट

दोन निळे एकमेकांत बुडतात, स्क्रीनवर दिसतात तेवढे वेगळे कागदावर राहत नाहीत. फुलाच्या कडेला फिकट चांदण्याची रेघ द्यायला सांगा, किंवा पाणी हिरवटाकडे झुकवा. नाहीतर गुलाबी ठेवून पानं उचला, ते सोपं पडेल. त्या पानाचा नमुना छापून आला की मगच ठरवा.